मदत हवी आहे: चरख्याचं लेबल आहे, खादी मार्क नाही. हे कापड खादी म्हणून घ्यावं का?

माणदेशी
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाला यंदा पंचाहत्तर वर्षं होतायत. वाचनालय ज्यांनी उभं केलं ती सगळी सूत कातणारी मंडळी, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी कार्यकर्त्यांनी खादीचेच कुडते घालायचे असं बैठकीत ठरलं. साठेक मीटर पांढरं सुती कापड लागेल.

तालुक्याला एका कापड दुकानात 190 रुपये मीटरने मिळतंय. जिल्ह्याच्या गावी खादी भांडारात 380 सांगितले. दुकानदाराचं म्हणणं, माल एकच आहे, भांडारवाले नावाचे पैसे घेतात. त्याच्या ठाणावर चरख्याचं चित्र असलेलं लेबल आहे आणि 'प्युअर हँडलूम खादी कॉटन' असं लिहिलंय. शिवाय हातमागाचं एक चिन्हही शिवलेलं आहे. भांडारातल्या ठाणाला खादी मार्कचा टॅग होता.

दोन्हीचे वीतभर तुकडे घेऊन आलोय. गोंधळ असा की दुकानातलं कापड जास्त खादीसारखं दिसतं, जाडंभरडं, ठिकठिकाणी जाड सूत असलेलं. भांडारातलं उलट बऱ्यापैकी एकसारखं आणि मऊ. पैसे लोकवर्गणीचे आहेत, त्यामुळे उद्या कोणी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. कसं ओळखायचं?

रावसाहेब_पी
सोपं आहे. दोन्ही तुकड्यांचे धागे काढून जाळून बघा. कागद जळल्याचा वास आला आणि मऊ राख पडली तर खादी. वितळून काळा कडक मणी झाला तर डुप्लिकेट. आमच्या वडिलांनी आयुष्यभर असंच तपासून घेतलं.

सुलभा_नाशिक
मी मागच्या दिवाळीत पैठणी घेतली तिला सिल्क मार्क होता, होलोग्राम वगैरे सगळं. तसंच असेल ना हे? मार्क असला की डोळे झाकून घ्यायचं. पण नंतर एकीने सांगितलं की माझी पैठणी हातमागाची नाही, यंत्रमागाची आहे. मग सिल्क मार्क खोटा होता का? कोणी सांगेल का?

अंबर_चाती
मी बरीच वर्षं एका खादी संस्थेत उत्पादनाचं काम पाहिलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

रावसाहेब, जाळून फक्त तंतू कळतो. गिरणीचा कापूस आणि हाताने कातलेला कापूस जळताना अगदी सारखेच जळतात. माणदेशींच्या दुकानातलं कापड शुद्ध सुती असेल तर तुमच्या परीक्षेत ते पहिल्या फटक्यात पास होईल. पण तुमची परीक्षा एका ठिकाणी कामाची आहे, ते खाली सांगते.

सुलभाताई, तुमचा सिल्क मार्क खोटा असेलच असं नाही. तो केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 साली आला आणि तो एवढंच सांगतो की रेशीम अस्सल आहे. कोणत्या मागावर विणलं याबद्दल तो काहीच बोलत नाही. हातमागाचं चिन्ह 2006 सालचं. ते सांगतं की कापड हातमागावर विणलंय, पण सूत गिरणीचं असलं तरी ते चिन्ह मिळतं. खादीला मात्र दोन्ही लागतं. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा 1956 चा कायदा आहे, त्यातली व्याख्या अशी की सूत भारतात हाताने कातलेलं हवं आणि ते हातमागावर विणलेलं हवं, मग कापूस असो, रेशीम असो की लोकर. आणि 2013 च्या खादी मार्क विनियमांनंतर तो मार्क नसलेलं कापड खादी म्हणून विकताच येत नाही.

तेव्हा माणदेशी, तुमच्या दुकानदाराकडचं हातमागाचं चिन्ह अगदी खरं असलं तरी त्यावरून सूत कोणी कातलं ते कळत नाही. चरख्याचं चित्र तर कोणीही छापून घेतं.

आता तुकड्यांकडे या. दोन्हींच्या कडेचा एकेक उभा आणि एकेक आडवा धागा ओढून काढा आणि काळ्या कागदावर ठेवा. मग नखाने उलटा पीळ देत उकला. काय दिसतं ते लिहा, त्यावरून पुढचं बोलू.

माणदेशी
ताई, बायकोला घेऊन बसलो. तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले. दुकानातल्या तुकड्याचे उभे धागे सगळे एका जाडीचे निघाले आणि उकलल्यावर प्रत्येकाचे दोन पदर सुटले. आडव्या धाग्यात जाड ठिगळं आहेत, दोन-अडीच बोटं लांब, मध्ये बारीक सूत, पुन्हा तसंच ठिगळ. भांडारातल्या तुकड्याचे उभे-आडवे दोन्ही धागे एकपदरी. जाडी बदलते, पण हळूहळू. कुठे सैल पीळ, कुठे घट्ट. उकलताना सैल जागी धागा हातात तुटला.

अंबर_चाती
वहिनींनी नेमकं टिपलंय. दुकानातल्या कापडाचा ताणा दोनपदरी आणि बिनचूक सारखा, म्हणजे तो जवळपास नक्कीच गिरणीचा. बाण्यातली ठिगळं मुद्दाम घातलेली आहेत. गिरणीत असं सूत काढता येतं, बाजारात त्याला स्लब म्हणतात. यंत्र ठरावीक वेळाने जाड भाग सोडतं, म्हणून तो एकदम सुरू होतो आणि एकदम संपतो. चरख्यावर असं होत नाही. तिथे कातणारीचा हात आणि कापसाची वात यांच्या ओढीवर जाडी अवलंबून असते, त्यामुळे ती सरकत सरकत बदलते आणि पीळही तिच्याबरोबर बदलतो. ताणा आणि बाणा दोन्ही बघायला याचसाठी सांगितलं. गिरणीच्या ताण्यावर हाताचा बाणा घालून विणलेलं कापडही खादी म्हणून खपवलं जातं.

आता भांडारातलं कापड एकसारखं का? बहुतेक संस्थांत आज अंबर चरख्याच्या जातीचे, अनेक चात्यांचे चरखे चालतात. त्यांना लागणारी वात आयोगाच्या स्वतःच्या कारखान्यांत यंत्रावर तयार होऊन येते, त्यातला एक कर्नाटकात चित्रदुर्गला आहे. वातच सारखी असली की सूतही बरंच सारखं निघतं. जाडंभरडं ते खरं असं मानून लोक नेमकं उलटं उचलतात.

पण हीसुद्धा खात्रीची परीक्षा नाही. चांगल्या हाताचं अंबर सूत आणि एकपदरी गिरणी सूत यांत मीसुद्धा फसू शकते. म्हणून शेवटी मार्क आणि विक्रेता तपासावाच लागतो.

रावसाहेब_पी
बरं, मग माझी परीक्षा कुठे कामाची ते राहिलं.

अंबर_चाती
हो. अधिकृत भांडारातही खादीच्या शेजारच्या फळीवर पॉलिवस्त्र असतं, पॉलिएस्टर आणि कापूस मिसळलेलं. ते आयोगाच्याच योजनेतलं आहे आणि त्यात फसवणूक काही नाही, पण कायद्याच्या व्याख्येत ते खादी नाही. गर्दीत विक्रेता "खादीच आहे" म्हणून देऊन टाकतो. तिथे तुमचा काळा मणी लगेच सांगतो.

हिशेबनीस
बिल बघा. खादीवर जीएसटी नसतो. बिलात कर लावला असेल तर खादी नाही, विषय संपला.

अंबर_चाती
इतकं सरळ नाही. 2017 साली जीएसटी आला, त्यानंतर त्याच वर्षी माफी मिळाली ती खादीच्या कापडाला, आणि तीही आयोगाने किंवा त्याने प्रमाणित केलेल्या संस्थांनी विकलेल्या. शिवलेल्या कुडत्यावर कर लागतो. म्हणून शिवलेल्या कपड्याच्या बिलात कर दिसला तर बिचकू नका. पण कोणी मीटरवर खादी विकतोय आणि कापडावर कर लावतोय, तर तो आयोगाच्या साखळीतला का नाही हे विचारायला हरकत नाही. माणदेशी, दुकानदाराकडे पक्कं बिल मागा आणि त्यावर मालाचं नाव काय लिहितो ते बघा. 'खादी' लिहायला तो का-कू करेल असं वाटतं.

कोंडाजी
झेंड्याच्या कापडाचंही असंच का? आमच्या शाळेला विकणाऱ्याने सांगितलं की राष्ट्रध्वज खादीशिवाय बनतच नाही, म्हणून तपासायची गरज नाही.

अंबर_चाती
तो जुना नियम सांगतोय. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहिता बदलली. आता यंत्रावर केलेला आणि पॉलिएस्टरचा ध्वजही चालतो. खादीचाच हवा असेल तर नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ध्वज बनवते, तिथे चौकशी करा.

माणदेशी
दुकानात जाऊन आलो. बिल 'कॉटन शर्टिंग' नावाने मिळेल म्हणाला. खादी लिहा म्हटलं तर "लेबल आहे ना त्यावर" एवढंच. तिथून घेणार नाही, ते नक्की. पण भांडारही खरं अधिकृत आहे हे कसं कळणार? नावात खादी आणि गांधीजींचा फोटो तर सगळीकडे असतो.

अंबर_चाती
बरोबर शंका आहे. जुन्या नावावरही जाऊ नका. 2022 साली मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या, 1954 पासून चालणाऱ्या खादी एम्पोरियमचं प्रमाणपत्र आयोगाने रद्द केलं, खादी नसलेला माल विकल्याच्या कारणावरून.

भांडारात त्यांचं खादी प्रमाणपत्र दाखवा म्हणा. त्यावर संस्थेचं नाव, क्रमांक आणि मुदत असते. प्रमाणपत्र त्याच संस्थेचं आहे का आणि मुदत चालू आहे का, एवढं बघा. मग तो क्रमांक आयोगाकडून पडताळून घ्या. आयोगाचं मुख्य कार्यालय मुंबईत विलेपार्ल्याला इर्ला रोडवर आहे, विदर्भासाठी नागपूरलाही कार्यालय आहे. संकेतस्थळ kvic.gov.in. साठ मीटर घेणार आहात, तर टॅग प्रत्येक ठाणावर आहे का बघा, वरच्या एकावर नव्हे.

बे_एरियातून
आम्ही इथून ऑनलाइन मागवतो. नावात खादी असलेली दहा संकेतस्थळं दिसतात, काही साबण आणि शांपूही विकतात. कुठलं खरं?

अंबर_चाती
शोधयंत्रातून जाऊ नका. आधी kvic.gov.in उघडा आणि तिथल्या दुव्यावरूनच विक्रीच्या पानावर जा. नावात खादी असणं हा पुरावा नाही.

चरखासंघ_जुना
ताईंचं सगळं पटलं, एक सोडून. मार्क नाही म्हणजे खादी नाही, हे कसं? आमच्या ओळखीचं एक कुटुंब पेळूपासून सगळं घरी करतं, माग घरचा. प्रमाणपत्राची कागदपत्रं त्यांना झेपत नाहीत. उलट सौर चरख्यावर, विजेवर काढलेलं सूत काही ठिकाणी खादीच्या नावाने मिरवतं. कोणाला खरं म्हणायचं?

अंबर_चाती
सौर चरख्याचं सूत हाताने कातलेलं नाही, तेव्हा व्याख्येत ते बसत नाही, यावर मी ठाम आहे. तुमच्या ओळखीच्या कुटुंबाबद्दल मन तुमच्या बाजूने आहे, पण कायदा नाही. ते कापड 'हातसूत, हातमाग' म्हणून विकता येईल. खादी हा शब्द लावता येणार नाही.

चरखासंघ_जुना
ज्यांच्यामुळे तो शब्द टिकला त्यांनाच तो लावता येऊ नये, हे मला मान्य नाही.

माणदेशी
भांडारात प्रमाणपत्र बघितलं, क्रमांक लिहून आणला, मुदत चालू आहे. उद्या इर्ल्याला फोन लावतो. एकच राहिलं: खादी आटते म्हणतात, तर साठ मीटरच्या हिशेबात किती जास्त धरू? शिंपी म्हणतो आधी पाण्यात टाकून, वाळवूनच आणा.

अंबर_चाती
शिंप्याचं ऐका. आटणं ठाणागणिक बदलतं, म्हणून सगळं कापड एकाच ठाणाच्या लॉटमधलं मागा. त्यातला एक मीटर आधी भिजवून, वाळवून मोजा आणि त्यावरून एकूण आकडा काढा. आणि पन्हा विचारून घ्या. काही ठाणं छत्तीस इंची असतात, तसं असेल तर एका कुडत्याला कापडच जास्त लागेल.