शब्दचर्चा: 'लूप' आणि 'स्वतंत्र लूप' यांना मराठीत काय म्हणावं?

वर्षा
डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मराठीतून टिपणं लिहिते आहे. नोडला 'संधी' आणि ब्रँचला 'शाखा' हे मुलांना पटकन पटलं. अडलंय ते 'लूप'पाशी. वेढा, पाश, वेटोळं, काय लिहू? त्याहून अवघड म्हणजे 'स्वतंत्र लूप'. मुलं विचारतात, स्वतंत्र म्हणजे कोणापासून?

समोर गणित आहे ते असं. A आणि B या दोन संधी, त्यांच्यामध्ये तीन शाखा. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहमचा रोध, उजवीकडे ४ व्होल्टची बॅटरी आणि ४ ओहमचा रोध, मधल्या शाखेत नुसता ४ ओहमचा रोध. दोन्ही बॅटऱ्यांचं धन टोक A च्या बाजूला. डाव्या शाखेतून A कडे येणारा प्रवाह I1, A पासून उजवीकडे जाणारा I2, मधून खाली उतरणारा I3. तिन्ही काढायचे.

अण्णा
ताई, आम्ही वायरिंगवाले एका स्विचवरून दुसऱ्या स्विचवर फेज नेतो, त्याला लूप म्हणतो. 'बोर्डात लूप मार' असं सांगितलं की पोऱ्याला कळतं. त्यात फिरून पहिल्या जागी यायचं नसतं. मग वेढा कसा म्हणणार?

वर्षा
अण्णा, तुमचा लूप वेगळा. इथला लूप जिथून निघाला तिथेच परत आला पाहिजे. पण बरं झालं बोललात. ही मुलं सुट्टीत वायरिंगच्या कामावर जातात, म्हणजे त्यांच्या डोक्यात तुमचाच अर्थ आधी असणार. तो टिपणांत वेगळा सांगायला हवा.

निखिल
स्वतंत्र वगैरे शब्दांत मुलांना अडकवू नका. अज्ञात तीन आहेत, तीन समीकरणं हवीत. आकृतीत लूपही तीनच दिसतात: डावा, उजवा आणि बाहेरून फिरणारा मोठा. तिन्हीची समीकरणं मांडा, संधीची गरजच नाही.

```
2*I1        + 4*I3 = 12
       4*I2 - 4*I3 = -4
2*I1 + 4*I2        = 8
```

I1 = 4, I2 = 0, I3 = 1 घालून बघा. तिन्ही बरोबर सुटतात.

मुकुंद
निखिल, तीन अज्ञातांना तीन समीकरणं हवीत इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. आता तुमचं उत्तर घेऊन A पाशी उभे राहा. डावीकडून ४ अँपिअर येतात. उजवीकडे शून्य जातो, मधून १ जातो. उरलेले ३ अँपिअर गेले कुठे? संधीत प्रवाह साठून राहत नाही.

तिसरं समीकरण म्हणजे पहिल्या दोघांची बेरीज आहे. 4*I3 एकदा अधिक, एकदा उणे, कटून गेलं. मोठ्या लूपने नवीन काहीच सांगितलं नाही. तुमच्याकडे समीकरणं दोनच होती, म्हणून उत्तरं अगणित निघतात आणि त्यातलं एक तुम्ही उचललंत. वर्षाताई, मुलांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: आधी लिहिलेल्या समीकरणांच्या बेरीज-वजाबाकीतून जे मिळत नाही, ते त्यांच्यापासून स्वतंत्र.

संधीचंही तेच. A चं समीकरण लिहिलं की B चं म्हणजे तेच, चिन्हं उलटी करून. म्हणून दोनपैकी एकच संधी घ्यायची. एक संधी, दोन लूप:

```
| 1  -1  -1 | | I1 |   |  0 |
| 2   0   4 | | I2 | = | 12 |
| 0   4  -4 | | I3 |   | -4 |
```

याचा निश्चयक −३२ येतो. शून्य नाही, म्हणजे उत्तर एकच. I1 = २.५, I2 = ०.७५, I3 = १.७५ अँपिअर. संधीपाशी २.५ आले आणि ०.७५ अधिक १.७५ गेले, हिशेब जुळला. किरखोफ यांनी हे नियम १८४५ मध्ये मांडले आणि त्यातली किती समीकरणं खरोखर स्वतंत्र असतात याचा निकाल १८४७ मध्ये दिला. म्हणजे तुम्हाला पडलेला प्रश्न त्यांनाही सोडवावा लागला होता.

निखिल
माझा आव्यूह पायथॉनमध्ये घातला. `LinAlgError: Singular matrix` असं आलं. निदान ते तरी ओरडतं.

मुकुंद
दर वेळी ओरडेलच असं नाही. इथे आकडे पूर्णांक आहेत म्हणून शून्य नेमकं शून्य आलं. रोधांच्या किमती दशांशात असल्या की निश्चयक शून्याऐवजी अतिसूक्ष्म संख्या होऊ शकतो, आणि मग संगणक मुकाट्याने काहीतरी उत्तर देतो. उत्तर आलं की जे समीकरण आव्यूहात घातलं नव्हतं त्यात ते घालून बघायचं. तुमच्या उदाहरणात ते संधीचं होतं, आणि चूक तिथेच सापडली असती.

संदीप
थोडं वेगळं विचारतो. घरच्या इन्व्हर्टरला जुनी बॅटरी होती, तिच्या शेजारी नवी समांतर जोडली. लोड बंद असताना नवी उतरते आणि जुनी गरम होते. वरचा I2 तोच का?

मुकुंद
जात तीच. इथे I2 अधिक आला आणि आपण त्याची दिशा A पासून ४ व्होल्टच्या बॅटरीकडे धरली होती, म्हणजे मोठी बॅटरी छोटीला चार्ज करते आहे. उणे आला असता तर छोटीही प्रवाह देत असती. पण हे आकडे तुमच्या बॅटऱ्यांना लावू नका. त्यांचा आतला रोध ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो आणि व्होल्टेज चार्जिंगनुसार बदलतं. गरम होणारी बॅटरी आधी वेगळी करा, मग दाखवून घ्या.

फिलोमिना
मी वसईची. जाळ्यात दोऱ्यांनी वेढलेली जी एकेक मोकळी जागा असते, तिला आमच्याकडे 'आस' म्हणतात. मोठ्या आसाचं जाळं, लहान आसाचं जाळं. लूपला हा शब्द चालेल का?

मुकुंद
लूपला नाही, पण मेशला अगदी नेमका बसेल. लूप म्हणजे कुठलीही बंद वाट. मेश म्हणजे जिच्या पोटातून दुसरी शाखा जात नाही अशीच वाट. या आकृतीत लूप तीन, आस दोन. सपाट आकृतीत सगळे आस घेतले की ते आपोआप स्वतंत्र असतात, म्हणून पुस्तकं मेशवर भर देतात. पण तारा एकमेकींवरून गेल्याशिवाय आकृती कागदावर काढताच येत नसेल, तर तिथे आस ठरवता येत नाहीत. लूप तेव्हाही असतात.

वर्षा
'आस' मला फार आवडला. पण परीक्षेत 'मेश' छापून येतो आणि आशा या अर्थाचा 'आस' मुलांना आधी आठवेल. दोन्ही देऊ?

अण्णा
मेशच ठेवा ताई. नाहीतर पोरं दोन्ही विसरतील.

फिलोमिना
कोळ्यांची पोरं नाही विसरणार.

निखिल
मुकुंदकाका, ब्रिजच्या सर्किटमध्ये सहा शाखा आणि चार संधी. म्हणजे संधींची तीन समीकरणं आणि लूपची तीन. पण लूप मोजले तर सात निघतात. त्यातले तीन कसे निवडायचे?

मुकुंद
प्रत्येक नव्या लूपमध्ये आधीच्या कुठल्याच लूपमध्ये न आलेली एक तरी शाखा असू द्या. तसे तीन मिळाले की ते स्वतंत्र असतात. याच्या उलट मात्र धरू नका: नवी शाखा नसलेला लूपही कधी कधी स्वतंत्र निघतो, तेव्हा बेरीज-वजाबाकी करूनच पाहावं लागतं.

वर्षा
हे वाक्य टिपणांत जसंच्या तसं घेते. 'लूप'साठी तूर्त 'बंद वाट' लिहिते आहे. 'वेढा' कोणी वर्गात वापरून पाहिला असेल तर कळवा.