संथ, रेंगाळलेला की रटाळ? सिनेमा मध्येच थांबवताना कोणता शब्द वापरायचा

कोरांटी: सिनेमांबद्दल चार-चार ओळींची टिपणं लिहिते. 130 मिनिटांचा एक सिनेमा चाळिसाव्या मिनिटाला बंद केला आणि लिहिलं, ‘सुरुवात फार संथ आहे.’ टिपण तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘संथ’ हा दोष नव्हे, ‘रटाळ’ लिहा. फरक नेमका काय? आणि असं ठामपणे लिहायला निदान किती वेळ बघितलं पाहिजे?

गारगोटी: फरक फक्त तीव्रतेचा. संथाच्या पुढची पायरी रटाळ. वेळेचं म्हणाल तर एकूण लांबीच्या चौथ्या भागापर्यंत थांबायचं. तेवढ्यात पटकथेतला पहिला मोठा वळणबिंदू येऊन जातो. तो आला नाही तर उठायचं. मराठीत याला म्हणच आहे, नमनाला घडाभर तेल.

दिवटी: गारगोटी, चौथ्या भागाचा हिशेब कामचलाऊ म्हणून ठीक आहे, पण फरक तीव्रतेचा नाही. संथ हा वेगाचा शब्द आहे. नदी संथ वाहते म्हणतो तेव्हा ती वाहते आहे, हे त्यात धरलेलंच असतं. रटाळ म्हणजे तेच ते पुन्हा, नवीन काही न देता. भराभर कट मारलेला, मोठ्या आवाजाचा सिनेमासुद्धा रटाळ असू शकतो आणि दोन मिनिटं न हलणारा कॅमेरा असलेला सिनेमा नुसता संथ असू शकतो.

म्हणीचंही तसंच. रात्रीचे खेळ दिवट्यांच्या उजेडात व्हायचे. घडाभर तेल नमनातच जळलं तर पुढच्या खेळाला काय उरणार, ही त्यातली तक्रार आहे. ती प्रमाणाबद्दलची आहे, नमन असण्याबद्दलची नाही. तमाशात गण आणि गवळण होऊन मग वग लागतो. गणात कथा पुढे सरकत नाही म्हणून कोणी उठत नाही, कारण तेवढ्यात कान आणि डोळे त्या खेळाला लागतात. सिनेमाची संथ सुरुवात पुष्कळदा हेच काम करते.

कोरांटी: पण ती हे काम करते आहे की नुसती वेळ काढते आहे, हे बघताना कसं ओळखायचं?

दिवटी: प्रसंग संपला की एक वाक्य मनात पुरं करायचं, ‘आता मला हे नवीन कळलं की…’ कथा पुढे गेलीच पाहिजे असं नाही. माणसाबद्दल, जागेबद्दल, नात्याबद्दल कळलेलंही चालेल. लागोपाठ तीन प्रसंगांना ते वाक्य पुरं झालं नाही, किंवा तिन्हींना एकच वाक्य आलं, तर ‘रटाळ’ लिहायला आधार मिळाला.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) घ्या. 116 मिनिटांचा, म्हणजे चौथा भाग 29 मिनिटांचा. लोकशाहीर नारायण कांबळे यांची अटक त्याच्या पुष्कळ आधी होते, ते मंचावर गात असतानाच. गारगोटींचा वळणबिंदू वेळेत आला. तरी लोक हा सिनेमा सोडतात ते त्यानंतर, कारण खटला तारखेवर तारीख घेत राहतो. मध्येच बचावाचा वकील सुपरमार्केटमध्ये खरेदी करताना दिसतो. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करतात. खटल्याच्या दृष्टीनं या प्रसंगांत काहीच घडत नाही, पण वाक्य मात्र दर वेळी नवीन येतं. एकाच खोलीत समोरासमोर उभी राहणारी ही दोन माणसं किती वेगळ्या मुंबईत राहतात, ते तिथं कळतं. म्हणून हा संथ. रटाळ नाही.

पाणकणीस: माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी फोनवर दीडपट वेगानं बघते, तरीही कंटाळा येतो. मग तो सिनेमा संथ म्हणायचा की रटाळ?

दिवटी: ताई, त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. संथ सिनेमात बरंचसं काम थांबण्यानं होतं. संवाद संपल्यावर चेहरा तीन सेकंद तसाच राहतो, दूरची गाडी ऐकू येते. दीडपट वेगात ते तीन सेकंद दोनच उरतात आणि फोनच्या स्पीकरवर ती गाडी ऐकूच येत नाही. उरतो तो नुसता घटनांचा सांगाडा, आणि या सिनेमांत घटना आधीच थोड्या असतात. पहिली पंधरा मिनिटं मूळ वेगानं, हेडफोन लावून, पुढे न ढकलता बघा. मग शब्द निवडा.

गारगोटी: पंधरा मिनिटं? मग चौथा भाग कुठे गेला?

दिवटी: पंधराव्या मिनिटाला एवढंच विचारायचं, की मनात एखादा प्रश्न उभा राहिला का. नसेल तर चौथ्या भागापर्यंत थांबून पुन्हा विचारायचं. मध्यंतर धरून बांधलेल्या आपल्या सिनेमात मोठं वळण पुष्कळदा मध्यंतरालाच ठेवतात, म्हणून तिथं चौथा भाग अपुरा पडू शकतो. पण चौथ्या भागापर्यंत प्रश्नच पडला नसेल, तर मध्यंतराचं वळण वळणार कशावर?

शिवणयंत्र: तीन प्रसंगांची कसोटी सगळीकडे लागू नाही. शांताल आकेरमान यांचा ‘जान दिलमान’ (1975) 201 मिनिटांचा आहे. एका गृहिणीचे तीन दिवस, बटाटे सोलणं, भांडी घासणं, दिवे मालवणं, बराचसा वेळ हेच. तुमच्या कसोटीनं तो पहिल्याच दिवशी रटाळ ठरेल. पण दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजून बिघडतात आणि एवढीशी गोष्ट धक्का देते, कारण आधीची शिस्त पाहणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली असते. तिथं पुनरावृत्ती हाच पाया आहे.

दिवटी: मान्य. तिथं माझी कसोटी हरते. एवढंच म्हणेन, की त्या सिनेमात प्रत्येक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवलंय, त्यामुळे ही पुनरावृत्ती मुद्दामची आहे हे लवकर जाणवतं. निष्काळजी पुनरावृत्तीत तोच मजकूर आधी संवादात येतो, मग गाण्यात, मग आठवणीच्या दृश्यात.

शिवणयंत्र: ‘लवकर जाणवतं’ हे सरावलेल्या डोळ्यांना. नव्या प्रेक्षकाला ते कसं जाणवणार, हा प्रश्न उरतोच.

कोरांटी: आणि ‘रेंगाळलेला’?

शिवणयंत्र: तो दोन्हीकडे झुकतो. चव जिभेवर रेंगाळते तेव्हा स्तुती, काम रेंगाळतं तेव्हा तक्रार. सिनेमाबद्दल लिहिताना काय रेंगाळलं ते सांगा. ‘कॅमेरा चेहऱ्यावर रेंगाळतो’ आणि ‘कथा रेंगाळते’ यांचा अर्थ जवळजवळ उलटा होतो. ‘पाल्हाळ’ मात्र बोलण्यापुरता ठेवा. संवाद पाल्हाळिक असू शकतात. मुक्या दृश्याला तो शब्द शोभत नाही.

गारगोटी: एक राहिलं. ‘अर्धवट टाकला’ की ‘सोडून दिला’? माझ्या मते ‘अर्धवट टाकला’ म्हटलं की कर्तव्य चुकल्यासारखं वाटतं. त्याच भावनेनं लोक तिकिटाचे पैसे वसूल करायला शेवटपर्यंत बसतात, जरी उठलं काय नि बसलं काय, ते पैसे परत येत नसले तरी.

दिवटी: हे पटलं. ठरवून उठला असाल तर ‘सोडला’ लिहा आणि कितव्या मिनिटाला ते लिहा.

कोरांटी: मग माझं वाक्य असं होतं: ‘चाळिसाव्या मिनिटाला सोडला. पहिली पंधरा मिनिटं संथ पण भरीव, त्यानंतर वडील-मुलाचं एकच भांडण चार वेळा, म्हणून रटाळ.’

शिवणयंत्र: चौथ्या भांडणात कोण आधी गप्प बसलं, ते आठवतंय का? दर वेळी वेगळा माणूस गप्प बसत असेल, तर ‘एकच भांडण’ हे शब्द तपासून बघा.