वाकायचं ते खुब्यातून
"आईच्या मणक्याचा टी-स्कोअर -२.८ आलाय. सूर्यनमस्कार चालतील? वजन उचलू द्यावं का?"

हाडांच्या घनतेचा हा आकडा म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालीत. सूर्यनमस्कारातलं पादहस्तासन आधी बंद करा, पश्चिमोत्तानासनही. पाठ गोल झाली की भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि ठिसूळ मणका तिथेच पाचरीसारखा चेपतो. वाकून, पीळ देत बादली उचलणं तर त्याहून वाईट.

जुनं फ्रॅक्चर नसेल तर वजन जरूर उचलू द्या, पण खुब्यातून वाकून. शिकवताना पाठीवर झाडूचा दांडा उभा धरा. डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड दांड्याला टेकलेलं हवं. गुडघे किंचित सैल, बसकण मागे. एकही टेकण सुटलं की तिथेच थांबायचं. ८-१० वेळा नीट जमलं की दोन्ही हातांत एकेक किलो द्या.

पाठीत अचानक कळ आली आणि आडवं झाल्यावर कमी झाली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे लागेल.