प्रतिसाद: उचला आणि ठेवा पद्धत

>> मुलगी पाच महिन्यांची आहे, खांद्यावरच झोपते, खाली ठेवलं की रडते. पिक अप पुट डाउन करून बघू का?

हो, हे वय बरोबर आहे, साधारण चार महिन्यांपासून पुढे जमतं. पोट भरलेलं आहे ना ते बघा, खोलीत अंधार करा आणि जागी असतानाच पाठीवर झोपवा. नुसती कुरकुर करत असेल तर उचलू नका, छातीवर हात ठेवून हळू आवाजात शू शू करा. खरंच रडायला लागली तर उचला, पण रडं थांबलं की लगेच खाली, डोळे मिटायच्या आत, कारण खांद्यावरच झोप लागली तर जुनीच सवय पक्की होते. परत रडली की परत उचला, पहिल्या रात्री हे खूप वेळा करावं लागतं, तासभरही जातो, म्हणून आई-बाबांनी आलटून पालटून करा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढी उचल-ठेव झेपत नाही, त्याला थोपटणंच बरं. आणि काही बाळं उचलल्यावर शांत व्हायच्या ऐवजी पाठ ताणून जास्तच रडतात, तुमचीचं तसं दिसलं तर ही पद्धत सोडा आणि पाळण्यातच थोपटा. ताप, सर्दी असताना तर सुरूच करू नका.