मदत हवी आहे: जोडलेल्या पॅनोरामाच्या फाटक्या कडा कापताना जरंडेश्वर निसटतो आहे

गोडोलीचा_वाटसरू

नमस्कार. मागच्या आठवड्यात सकाळी अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेकडच्या तटावरून मी मोबाईल उभा धरून हाताने नऊ फोटो काढले. डावीकडे यवतेश्वर, मध्ये खाली पसरलेले सातारा शहर आणि उजव्या टोकाला जरंडेश्वर, असे सुमारे 160 अंशांचे दृश्य त्यांत आले आहे. हगिनमध्ये दंडगोलाकार प्रक्षेपण ठेवून ते जोडले. सांधे उत्तम जुळले, परंतु चित्राच्या चारही बाजूंना करवतीच्या दातांसारखी काळी रिकामी जागा उरली.

पूर्ण चित्र 9,140 × 4,900 पिक्सेलचे आहे. `Autocrop` दाबल्यावर 8,000 × 2,850 चा आयत मिळतो, पण त्यात जरंडेश्वराचा डोंगर मधोमध कापला जातो. हाताने चौकट ओढून डोंगर पूर्ण घेतला, तर 8,900 × 2,480 एवढेच उरते आणि खालची अर्धी पेठ जाते. वडिलांच्या खोलीसाठी पाच फूट रुंदीची प्रत छापायची आहे. त्यांना आता गड चढवत नाही, म्हणून डोंगर आणि पेठ दोन्ही राहावीत अशी माझी फार इच्छा आहे. यातून मार्ग आहे का?

माहुलीकर

हे अगदी सोपे आहे. चित्र गिंपमध्ये उघडा आणि `Image` मेनूतील `Crop to Content` निवडा. रिकामी जागा आपोआप जाते. मी स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंसाठी नेहमी तेच वापरतो.

गोडोलीचा_वाटसरू

धन्यवाद, करून पाहिले. बाहेरची जेमतेम दहा-बारा पिक्सेलची पट्टी गेली; दात तसेच राहिले.

सांगलीची_लेन्स

माहुलीकरांनी सांगितलेली आज्ञा खरी आहे, पण ती वेगळ्या कामाची आहे. ज्या ओळी किंवा स्तंभ पूर्णपणे रिकामे आहेत तेवढेच ती काढते. स्कॅनभोवतीचा पांढरा समास सरळ असल्याने तिथे ती पुरते. आपल्याला हवा आहे तो आतला आयत, ज्याच्या एकाही कोपऱ्यात रिकामी जागा नाही. हगिनचे `Autocrop` तोच शोधते, मात्र त्याचा निकष फक्त क्षेत्रफळाचा असतो. आपल्याच आकड्यांचा गुणाकार करून पाहा: 8,000 × 2,850 म्हणजे 2 कोटी 28 लाख पिक्सेल आणि 8,900 × 2,480 म्हणजे 2 कोटी 21 लाख. सात लाखांसाठी त्याने जरंडेश्वर सोडला. तो डोंगर आपल्यासाठी काय आहे, हे त्याला कळण्याचे कारण नाही. तेव्हा शेवटची चौकट हातानेच ओढायची आहे.

परंतु त्याआधी एक पाहा: दूरवरचे क्षितिज चित्रात सरळ आहे, की मध्ये उंच होऊन दोन्ही टोकांना खाली गेले आहे?

गोडोलीचा_वाटसरू

मध्ये उंच आहे. कमानीसारखे दिसते. तो भाग तसाच असतो असे मला वाटले होते.

सांगलीची_लेन्स

मग उंची प्रामुख्याने तिथेच जाते आहे. शहर दिसावे म्हणून मोबाईल खाली झुकवून फिरवला, की ते झुकणे प्रत्येक फोटोत असते. फोटो एकमेकांशी अचूक जुळतात, परंतु खरी उभी दिशा कोणती हे प्रोग्रामला ठाऊक नसते, म्हणून सगळी माळ वाकते. वाकलेल्या पट्टीतून सरळ आयत काढला तर तो अरुंदच निघणार. आधी पट्टी सरळ करा, मग कात्री लावा.

आपल्याकडे समुद्राचे क्षितिज नाही आणि डोंगरांची रेषा मुळातच वरखाली असते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. उभ्या वस्तू शोधा. `Control Points` पानावर डावीकडे आणि उजवीकडे एकच फोटो निवडा, डावीकडे एखाद्या मोबाईल टॉवरच्या टोकावर आणि उजवीकडे त्याच टॉवरच्या बुडाशी बिंदू द्या व त्या जोडीचा प्रकार उभी रेषा असा ठेवा. हेच दुसऱ्या टोकाच्या फोटोत एखाद्या उंच इमारतीच्या कडेवर करा. दोन जागांमध्ये साधारण 90 अंशांचे अंतर असू द्या. एकाच बाजूला दोन्ही रेषा दिल्यात तर दुसरी बाजू झुकलेलीच राहते. मग फोटोंच्या दिशांचे ऑप्टिमायझेशन पुन्हा चालवा. नुसते `Straighten` बटण घाईत उपयोगी पडते, पण ते अंदाज करते. रेषा दिल्या तर अंदाज करावा लागत नाही.

वाळव्याचा_अभि

माझाही अनुभव सांगतो. सांगलीच्या आयर्विन पुलाचा पॅनोरामा मी लाइटरूममध्ये जोडला आणि `Boundary Warp` ची पट्टी 100 पर्यंत ओढली. एकही पिक्सेल न कापता कडा भरल्या, पण पुलाचा सरळ कठडा कमानीसारखा वाकला. तो परत सरळ कसा करावा?

सांगलीची_लेन्स

अभि, ती सुविधा चित्र रबरासारखे ताणून रिकामे कोपरे भरते. 100 वरून खाली आणत जा आणि कठडा सरळ दिसेल तिथे थांबा, उरलेले कापा. पूल, इमारती, पाण्याची रेषा असे काही असेल तर ताण लगेच उघडा पडतो. डोंगरांच्या चित्रात थोडा ताण कुणाच्या लक्षात येत नाही, पण रोज यवतेश्वर पाहणाऱ्या माणसाच्या येऊ शकतो.

गोडोलीचा_वाटसरू

सांगितल्याप्रमाणे एक टॉवर आणि एका सोसायटीची पाण्याची टाकी धरली. कमान नाहीशी झाली. आता जरंडेश्वर पूर्ण ठेवून 8,950 × 3,120 मिळते, म्हणजे आधीपेक्षा 640 पिक्सेल उंची परत आली आणि खालची पेठ बहुतेक दिसते. मनापासून आभार. एकच पायरी उरली आहे: उजवीकडच्या शेवटच्या फोटोच्या वेळी हात खाली आला असावा, कारण त्याची वरची कड बाकीच्यांपेक्षा सुमारे 330 पिक्सेल खाली आहे. तो फोटो वगळला तर उंची 3,450 होते, पण डोंगर जातो.

सांगलीची_लेन्स

ती पायरी सरळ करून भरणार नाही, कारण तिथे कॅमेऱ्याने काही टिपलेलेच नाही. पाच फुटांच्या प्रतीला 8,950 पिक्सेल म्हणजे इंचाला जवळजवळ 150 येतात. भिंतीवर ते पुरेसे आहे, म्हणून मी 3,120 वरच थांबेन. दुसरा मार्ग असा की चौकट 3,450 ठेवायची आणि त्या कोपऱ्यातले मोकळे आकाश शेजारच्या आकाशातून क्लोन करून भरायचे. निरभ्र आकाशात ते बेमालूम होते, फक्त कड डोंगराच्या शिखराला लागता कामा नये.

कापण्यापूर्वी जेपेग करू नका, टिफ ठेवा. जेपेगमध्ये रिकामी जागा काळी होते आणि डोंगराच्या सावलीत मिसळते. टिफमध्ये ती पारदर्शक राहते. खाली गडद गुलाबी थर ठेवून 100 टक्के आकारात चारही कडा फिरून पाहा, दोन पिक्सेलची फटही दिसते.

माहुलीकर

माझ्या मते आकाश भरू नये. वडिलांना ते गडावरून दिसले तसे दाखवायचे आहे ना?

सांगलीची_लेन्स

हे मला पटते, तरी कोपऱ्यातले कोरे आकाश आणि डोंगराचा भाग यांत मी फरक करतो. डोंगराला हात लावणार नाही.

गोडोलीचा_वाटसरू

गुलाबी थरावर खाली डावीकडे तीन पिक्सेलची फट सापडली, चौकट तेवढी वर घेतली. दोन्ही आवृत्त्या लहान कागदावर छापून वडिलांसमोर ठेवणार आहे. आणि जमले तर रविवारी पुन्हा वर जाऊन शेवटचा फोटो हात सावरून घेतो. प्रकाश मात्र तोच मिळेल असे नाही.