फिक्स्ड जास्त की व्हेरिएबल जास्त? तुमचे अनुभव सांगा

मृद्गंध_पुणे: काल भाच्याने दोन ऑफर लेटरं पाठवली, "मावशी, कुठली घेऊ?" एकीकडे 18 लाख, त्यात 16.50 फिक्स्ड, 1.50 व्हेरिएबल. दुसरीकडे 21 लाख, पण फिक्स्ड 14.70 आणि 6.30 व्हेरिएबल. पोराची नजर 21 वरून हलत नाहीये. मला एकदम 2020 आठवलं. माझं व्हेरिएबल त्या वर्षी शून्य आलं, घराचा हप्ता मात्र पाच तारखेला न चुकता जायचा. तुमचं काय झालं ते लिहा.

आजोबा_सांगलीचे: आम्ही व्हेरिएबलच घेतलं होतं. रेपो रेट खाली आला तसा व्याजदर उतरला, फायदाच झाला.

चहाबाज: काका, ते गृहकर्ज. इथे पगाराचं चाललंय 😄

टार्गेटवाला: औषध कंपनीत फिरतीवर आहे, मराठवाडा एरिया. इन्सेंटिव्ह दर तिमाहीला मिळतो, म्हणून मी व्हेरिएबलच्या बाजूचा. विकलं की दिसतं. पण एक तिमाही झकास गेली की पुढचं टार्गेट लगेच फुगवतात. जुना साहेब म्हणायचा, शंभराच्या फार पुढे जाऊ नकोस. आयटीत वर्षाने एकदा मिळणार असेल तर ते वेगळं प्रकरण.

अदिती_घाईत: ऑफिसच्या बसमधून लिहितेय. व्हेरिएबल नकोच, त्यावर टॅक्स जास्त कापतात. माझे मार्चमध्ये जवळजवळ एक तृतीयांश गेले.

पेरोल_काका: अदिती, कापतात त्या महिन्यात जास्त, कारण रक्कम एकदम येते. पण वर्षाचा हिशेब एकच, बोनससुद्धा पगारच धरतात. जास्त गेला असेल तर रिटर्न भरल्यावर परत येतो.

मृद्गंधताई, पेरोलमध्ये केस पांढरे झाले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी नुसतं फिक्स्ड बघा. फरक वर्षाला 1.80 लाख, म्हणजे महिन्याला 15,000, कपातीच्या आधी. हा खड्डा दुसऱ्या ऑफरने व्हेरिएबलमधून भरून काढायचा आहे. पहिल्या ठिकाणी दीड लाख पूर्ण मिळाले असं धरलं, तर दुसरीकडे 6.30 पैकी 3.30 यायला हवेत. साधारण 52 टक्के. त्याच्या वर मिळालं तरच 21 ला अर्थ.

आता गोम अशी की बऱ्याच ठिकाणी गुणाकार असतो. कंपनीचा आकडा 80 टक्के आणि त्याचा स्वतःचा 75, तर हातात 60 टक्के, म्हणजे 3.78. एकूण 18.48. पहिलीकडेही 60 च धरलं तर 17.40. तीन लाखांचा फरक एक लाख आठ हजारांवर आला.

चहाबाज: आणि तो 75 ठरवणार मॅनेजर, ज्याला अजून भेटलेलोही नाही.

अदिती_घाईत: अच्छा, रिटर्नचं माहीत नव्हतं. नवऱ्याला विचारते, तोच भरतो.

पेरोल_काका: पहिल्या वर्षाचंही बघा. ऑक्टोबरला रुजू झाला तर निम्मंच, 3.15, तेसुद्धा अप्रेझलनंतर मे-जूनमध्ये. तोवर घर 14.70 वरच चालवायचं. आणि पैसे देण्याच्या तारखेला तो नोटीस पिरियडवर असेल तर बऱ्याच कंपन्या देत नाहीत. लेटरात ही ओळ बारीक अक्षरात असते.

नाशिककर_वहिनी: आमचं घर घेताना बँकेने व्हेरिएबल निम्मंच धरलं, आणि दोन वर्षांचे फॉर्म 16 मागितले. यांचा पगार कागदावर मोठा, कर्ज मात्र छोटं. शेवटी एक बेडरूम कमी 🙂

मृद्गंध_पुणे: काका, भाच्याने एचआरला विचारलं. फोनवर म्हणाल्या, "साधारण 90 ते 100 टक्के मिळतंच." मेलवर लिहून द्या म्हटलं तर उत्तर नाही.

पेरोल_काका: मग मागच्या तीन वर्षांचे आकडे तिथे काम करणाऱ्याकडून काढा, आणि त्याच टीममधल्याकडून. विक्रीवाल्यांचा पेआउट वेगळा, डेव्हलपमेंटचा वेगळा.

जर्मनीहून_सखा: मी उलटं सांगतो. पुण्यात असताना व्हेरिएबलवाली घेतली, तीन वर्षं जोरदार मिळालं, शेअर मार्केटमध्ये घातलं. त्याला कर्ज नसेल, लग्न नसेल तर घेऊ दे की.

टार्गेटवाला: पुढची नोकरी शोधताना एचआर विचारतो "फिक्स्ड किती?" आणि वाढ त्यावरच देतो. 14.70 वर 30 टक्के आणि 16.50 वर 30 टक्के, तुम्हीच करा.

जर्मनीहून_सखा: ते प्रत्येक कंपनीत तसं नसतं. माझ्या वेळी एकूण धरलं होतं.

पेरोल_काका: दोन्ही पाहिलंय. पण जास्त करून फिक्स्डच.

नाशिककर_वहिनी: त्याचा नोटीस पिरियड किती? आमच्या दिराचा 90 दिवसांचा, नव्या कंपनीने बायआउट दिला नाही, ऑफरच गेली.

मृद्गंध_पुणे: त्याचाही 90 च आहे. पहिलीवाले थांबतायत. दुसरीवाल्यांना आत्ता फोन लावायला सांगते.