घरचं काजळ आणि बाळाचा डोळा

"घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ आहे, केमिकल नाही, मग बाळाला घालायला काय हरकत?"

अगं, केमिकलचं म्हणशील तर शिशाची भीती जास्त सुरम्यात, तो बऱ्याचदा शिशाच्या खनिजाचीच पूड असतो. घरच्या काजळात खरी भानगड बोटाची आहे, तेच बोट डबीत आणि तेच पापणीच्या आत, म्हणजे नखातले जंतू थेट डोळ्यात. त्यात नवजात बाळाची डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रुनलिका बरेचदा पूर्ण उघडलेली नसते, मग घाण वाहून न जाता तिथेच साचते. नुसतं पाणी येत असेल तर काजळ बंद करून बाळाच्या डॉक्टरांना विचार, पण पिवळा पू, लाली, सूज दिसली तर त्याच दिवशी दाखव. सासूबाईंना तीट हवीच असेल तर तळपायाला लाव ना.